परदेशी क्लायंटकडून पैसे कमी आले, पण विचारायचं कसं?

रेघोटी

नमस्कार मंडळी,

मी नाशिकहून टेक्निकल इलस्ट्रेशनची कामं करते. यंत्राच्या मॅन्युअलमध्ये सुटे भाग वेगवेगळे करून, नंबर घालून दाखवलेले असतात ना, ती चित्रं. आजवर पुणे-चाकणच्या कंपन्यांची कामं केली. यंदा पहिल्यांदाच जर्मनीतलं एक काम मिळालं. बाडेन-व्युर्टेमबर्गमधली पॅकिंग मशीन बनवणारी मध्यम आकाराची कंपनी आहे. माणसं चांगली, काम आवडलं, आणि याच मशीनच्या पुढच्या मॉडेलचं कामही देणार असं म्हणाले आहेत.

आता प्रश्न. माझं कोटेशन 3200 युरोचं होतं, त्यात 'इन्व्हॉइसच्या तारखेपासून 30 दिवसांत पैसे' असं लिहिलं होतं. त्यांच्या डॉक्युमेंटेशन विभागाच्या प्रमुखांनी 'मान्य, सुरू करा' अशी मेल केली आणि मी काम केलं. 3 मार्चला इन्व्हॉइस पाठवलं. 10 तारखेला त्यांच्या अकाउंट्सकडून उत्तर आलं की इन्व्हॉइसवर पीओ, म्हणजे त्यांच्या पर्चेस ऑर्डरचा नंबर नाही, घालून पुन्हा पाठवा. सोबत पीओची पीडीएफ होती, ती मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. 12 तारखेला नंबर घालून पाठवलं. 26 ला माझ्या खात्यात पैसे जमा झाले, पण 3118 युरो. म्हणजे 82 कमी.

वेळेत दिले, त्याबद्दल तक्रार नाही. पण 82 युरो गेले कुठे हे कळायला हवं. बँकेत विचारलं तर 'समोरून एवढेच आले' म्हणाले. क्लायंटला विचारावं तर पहिलंच काम, 'ही बाई आमच्यावर संशय घेते' असं वाटायला नको. न विचारावं तर पुढच्या वेळीही हेच होणार. कसं विचारता तुम्ही?

---

अप्पा_जळगाव

ताई, पैसे अडकले की फार त्रास होतो, मी भोगलंय. माझा एक अमेरिकन क्लायंट होता, नेट 60, म्हणजे 60 दिवसांत पैसे म्हणायचा आणि नव्वदाव्या दिवशी सांगायचा की तुमचा डब्ल्यू-8बेन हा तिथला टॅक्सचा फॉर्म आलेला नाही, म्हणून पेमेंट होल्डवर आहे. फॉर्म भरून दिला तेव्हा कुठे पैसे सुटले. तेव्हापासून मी काम सुरू करण्याआधीच तो फॉर्म देऊन टाकतो. तुम्हीही आधी फॉर्म द्या, पैसे येतील.

---

सोनचाफा

अप्पा, पैसे आलेत हो. कमी आलेत. आणि क्लायंट जर्मन आहे.

---

अप्पा_जळगाव

अरेच्चा, धागा घाईत वाचला. मग डब्ल्यू-8बेनचा संबंध नाही. पण अमेरिकेत कोणी काम करत असेल तर त्यांच्यासाठी राहू दे प्रतिसाद.

---

तळ्यातमळ्यात

82 युरोसाठी मेल कशाला? 3200 मध्ये एवढी घट धरूनच चालायची. पुढचं काम मिळणार आहे, त्यात दर थोडा वाढवून लावा. मी नेहमी असंच करतो. पैशाचा विषय काढला की संबंधात खडा पडतोच.

---

ताठकणा

मला हे अजिबात पटत नाही. आपणच आपल्या घामाची किंमत कमी करायची? उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई कायद्याने 45 दिवसांत पूर्ण रक्कम देणं बंधनकारक आहे, नाहीतर चक्रवाढ व्याज. सरळ मेलमध्ये कलम टाका, 'शॉर्ट पेमेंट' असा शब्द वापरा, सात दिवसांची मुदत द्या. माझ्या भोसरीच्या गिऱ्हाइकाला असं पत्र गेलं आणि चार दिवसांत बाकी आली.

---

फॉरेक्सवाले_नाना

ताठकणा, कायदा तुम्ही बरोबर सांगितलात, पण तो भोसरीत चालतो. 45 दिवसांची अट आणि फॅसिलिटेशन कौन्सिलची वाट भारतातल्या खरेदीदारासाठी आहे. जर्मनीतल्या अकाउंट्सच्या माणसाला त्या कलमाने काय बोध होणार? शिवाय इथे उशीर झालेलाच नाही. 12 ला बिल गेलं, 26 ला पैसे आले.

रेघोटीताई, मी एका सरकारी बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं होतो. पत्र लिहिण्याआधी आकड्याकडे बघा. 3200 चे दोन टक्के किती? 64. तुमची तूट 82. उरले 18.

बँका टक्क्यात असं काही कापत नाहीत. मधल्या बँकेची कात्री बहुधा ठरावीक रकमेची असते, दहा-वीस-पंचवीस युरो. म्हणून मला दिसतं ते असं की यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. 64 क्लायंटनेच वजा करून पाठवले असणार आणि 18 वाटेत गेले असणार. दोन्हींची विचारणा वेगळ्या ठिकाणी करायची आहे. एकाच मेलमध्ये '82 कमी आले' लिहिलंत तर ते म्हणतील 'आम्ही तर 3136 पाठवले', तुम्ही म्हणाल 'मला 3118 मिळाले', आणि दोघंही खरं बोलत असून गैरसमज होईल.

तुमच्या शाखेत 'समोरून एवढेच आले' म्हणाले ना, तिथे थांबू नका. पैशासोबत बँकाबँकांमध्ये जो स्विफ्ट संदेश येतो, त्याची प्रत मागा. एमटी103 म्हणतात त्याला. काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल, फॉरेक्स डेस्कला ईमेल करा, त्यात रक्कम, तारीख आणि इनवर्ड रेमिटन्सचा रेफरन्स नंबर लिहा. तो आला की इथे टाका, खातं-बितं झाकून.

---

कोरीपाटी

नाना, हे फार कामाचं आहे. मी भाषांतरं करते, मला वर्षानुवर्षं प्रत्येक पेमेंटमध्ये थोडे थोडे कमी येतात, मी समजत होते क्लायंटच कापतो.

थोडं अवांतर आहे, पण संशयाचाच विषय आहे म्हणून लिहिते. गेल्या वर्षी एका डच क्लायंटने माझं पहिलं इन्व्हॉइस मिळाल्यावर मला फोन केला आणि खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे वाचून दाखवायला सांगितले. मला इतका राग आला होता! म्हटलं, बिलावर छापलेलं आहे, मग मला उलटतपासणी कशाला? मी जरा तुटकच बोलले. नंतर ते काम देत राहिले, पण तो फोन मनात राहिलाय.

---

वैदेही_नेकार

कोरीपाटी, तो राग सोडून दे, त्यांनी तुझं भलंच केलं.

मी श्टुटगार्टजवळ एका कंपनीत क्रेडिटर अकाउंटिंगमध्ये आहे, म्हणजे पुरवठादारांची बिलं भरण्याचं काम. नवा पुरवठादार असला किंवा जुन्याने बँक खातं बदललं असं मेलमध्ये सांगितलं, की आम्हाला फोन करून खात्री करावीच लागते. तीही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करायची नाही, आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर करायची. कोणाची तरी मेलपेटी फोडून, खऱ्या बिलावर फक्त खातं बदलून पाठवतात आणि पैसे भलतीकडे जातात. हे सगळीकडे होतं. फोनवरच्या माणसाला तू खोटी वाटत नव्हतीस. त्याच्या यादीत तो रकाना भरायचा होता.

आता रेघोटीच्या प्रश्नाकडे. नानांचा हिशेब मला शंभर टक्के पटतो. 64 युरो म्हणजे स्कोंटो आहे. इथल्या बिलांवर आणि पीओंवर सर्रास असतं: 14 दिवसांत भरलं तर 2 टक्के कमी, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण. रेघोटी, तुला आलेल्या पीओच्या पीडीएफमध्ये खाली किंवा दुसऱ्या पानावर 'Zahlungsbedingungen', म्हणजे पेमेंटच्या अटी, असा मथळा शोध. तिथे '14 Tage 2 % Skonto, 30 Tage netto' असं काही आहे का बघ.

इथे कोणी बसून 'या नाशिकच्या बाईचे 64 युरो कापू' असं ठरवलेलं नाही. आमच्याकडे हिशेबाला सॅप ही सिस्टिम आहे. पीओ टाकताना पेमेंटची अट त्यात बसते, बिल नोंदवताना एक बेसलाइन डेट, म्हणजे जिथून मुदत मोजायची ती तारीख पडते, आणि आठवड्याच्या पेमेंट रनमध्ये सिस्टिम स्वतःच बघते की स्कोंटोची मुदत आहे का. असेल तर वजा करून पाठवते. कंपन्यांना ते सोडवत नाही, कारण 16 दिवस आधी पैसे दिल्याबद्दल 2 टक्के मिळतात, वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या वर जातं. तेवढं व्याज कोणती बँक देणार?

सविस्तर रात्री लिहिते, आता मीटिंग आहे.

---

तळ्यातमळ्यात

वैदेही, हे माहीत नव्हतं. पण मग माझाच मुद्दा खरा ठरतो ना? तो त्यांचा रिवाज आहे, मग विचारायचं कशाला?

---

ताठकणा

रिवाज त्यांचा, पण कोटेशन हिचं. '30 दिवस' लिहिलं होतं, सवलत लिहिली नव्हती. आणि पीओ काम झाल्यावर हाती आला. मागाहून आलेल्या कागदातली अट कशी लागू होईल? मघाच्या एमएसएमईच्या मुद्द्यावर नानांचं ऐकतो, पण हा मुद्दा मी सोडणार नाही.

---

रेघोटी

सगळ्यांचे आभार. पीओ उघडून पाहिला. दुसऱ्या पानावर अगदी तेच आहे, 14 दिवस 2 टक्के, 30 दिवस नेटो. पीओची तारीख मात्र जानेवारीतली आहे, म्हणजे काम सुरू होण्याच्या आधीची. तो खरेदी विभागाने डॉक्युमेंटेशनच्या साहेबांना पाठवला, त्यांनी तो मला पाठवलाच नाही.

वैदेही, एक शंका. मी 3 मार्चला बिल पाठवलं आणि त्यांचे पैसे 24 ला निघाले असं बँकेने सांगितलं. मग 21 दिवस झाले, 14 नाही. तरीही 2 टक्के?

नाना, स्विफ्टच्या प्रतीसाठी मेल केली आहे.

---

वैदेही_नेकार

हीच खरी गाठ आहे. तू 3 पासून मोजतेस, ते 12 पासून मोजत असणार. आमच्याकडे पीओ नंबर नसलेलं बिल नोंदवलंच जात नाही, परत जातं. नंबर घालून आलेलं बिल ज्या दिवशी आलं, त्या दिवसापासून घड्याळ सुरू. 12 ते 24 म्हणजे 12 दिवस, मुदतीच्या आत. प्रत्येक कंपनीत असंच असेल असं नाही, काही ठिकाणी बिलावरची तारीख धरतात. तुझ्या क्लायंटकडे काय धरतात हे त्यांनाच विचारावं लागेल, आणि हा प्रश्न विचारणं पूर्णपणे रास्त आहे.

आता कसं विचारायचं. मी रोज अशा मेल वाचते, तर टेबलाच्या या बाजूने सांगते.

डॉक्युमेंटेशनच्या साहेबांना लिहू नकोस. त्यांना आकडे दिसतच नाहीत. ते बिचारे ओशाळतील, मग ती मेल अकाउंट्सला पुढे पाठवतील, वर 'कृपया तातडीने बघा' लिहितील, आणि साधा प्रश्न तक्रार होऊन आमच्याकडे येईल. ज्या माणसाने 10 तारखेला पीओ नंबर मागितला, त्याच मेलला उत्तर दे. विषयात बिल नंबर आणि पीओ नंबर राहू दे, म्हणजे त्याला शोधावं लागणार नाही.

'कमी का दिले' असं विचारण्याऐवजी कागद माग. प्रत्येक पेमेंटचं आमच्याकडे एक अव्हिस निघतं, Zahlungsavis. त्यात बिलाची मूळ रक्कम, वजावट आणि पाठवलेली रक्कम असते. पुष्कळदा ते आपोआप मेल होतं, पण पुरवठादाराचा अकाउंट्सचा मेल पत्ता भरलेला नसला तर कुठेच जात नाही. 'माझ्या हिशेबात जुळवण्यासाठी या पेमेंटचं अव्हिस पाठवाल का' एवढं लिहिलंस की काम झालं. रोज दहा जण मागतात. त्यात संशय कुठेच नाही.

---

कोरीपाटी

हे मी वहीत लिहून ठेवलं. 'का' विचारायचं नाही, कागद मागायचा.

---

मिलिंद_लेखापाल

सीए आहे, म्हणून माझ्या बाजूचं थोडं. वैदेहीताईंनी 'हिशेब जुळवण्यासाठी' हे कारण सुचवलं, ते सबब म्हणून वापरू नका, खरोखरच तसं आहे. तुमचं निर्यातीचं बिल 3200 चं आहे आणि बँकेच्या दाखल्यावर 3118 दिसणार आहेत. एलयूटीवर, म्हणजे जीएसटी न लावता बिल केलं असलं तरी हा फरक कशामुळे, हे तुमच्या फाइलला दिसायला हवं. 64 ची सवलत तुम्ही मान्य केलीत तर तेवढ्याची क्रेडिट नोट काढा. 18 हा बँकेचा खर्च, तो खर्चात जाईल, त्याची क्रेडिट नोट काढू नका. माझ्याकडे येणारे पुष्कळ जण सगळी तूट 'बँक चार्जेस'मध्ये ढकलतात, मग दोन टक्क्यांचे बँक चार्जेस बघून आम्हालाच प्रश्न पडतो.

---

सोनचाफा

पण मंडळी, मेलमध्ये लिहायचं काय नक्की? सगळे तत्त्व सांगताहेत, मसुदा कोणीच देत नाही.

---

ताठकणा

माझा मसुदा: 'आपल्या 24 तारखेच्या पेमेंटमध्ये 64 युरोची कपात आढळली. आमच्या कोटेशनमध्ये अशी सवलत नव्हती. कृपया उर्वरित रक्कम पाठवावी.' उद्धट एक शब्द नाही. मुद्देसूद आहे.

---

वैदेही_नेकार

उद्धट नाही, खरं आहे. सरळ लिहिण्याचा इथे कोणाला राग येत नाही, उलट तीन ओळी माफी मागून मग प्रश्न विचारला की वाचणारा गोंधळतो. पण तुमच्या मसुद्यात निकाल आधीच लागलेला आहे. तिला अजून खात्रीने माहीत नाही की 64 स्कोंटोच आहे. आपण आकड्यावरून ताडलंय. आधी कागद येऊ दे.

मी असं लिहिलं असतं. इंग्रजी ती करेलच:

'नमस्कार, बिल क्रमांक अमुक, पीओ क्रमांक अमुक यासाठीचं पेमेंट मिळालं, धन्यवाद. माझ्या हिशेबात ते नोंदवण्यासाठी दोन गोष्टी हव्या आहेत. या पेमेंटचं अव्हिस कृपया पाठवाल का? आणि तुमच्या सिस्टिममध्ये माझ्या नावासमोर पेमेंटची कोणती अट आहे? माझ्या जानेवारीच्या कोटेशनमध्ये इन्व्हॉइसपासून 30 दिवस असं होतं, पीओमध्ये 14 दिवस 2 टक्के असं आहे. मुदत कोणत्या तारखेपासून मोजता हेही कळलं तर पुढच्या बिलावर तसंच छापीन.'

संपलं. बँकेच्या 18 चा उल्लेख यात नको.

---

फॉरेक्सवाले_नाना

उत्तम मसुदा. शेवटून दुसरं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. दोन कागदांवर दोन अटी आहेत हे नुसतं समोर ठेवलं, कोणाची चूक ते म्हटलं नाही. वाचणाऱ्याला स्वतःलाच दिसेल.

18 का वगळायचे तेही सांगतो. ते क्लायंटकडे गेलेलेच नाहीत. जर्मनीतून भारतात युरो पाठवले तर ते सेपा या युरोपातल्या युरो पेमेंटच्या यंत्रणेतून येत नाहीत, स्विफ्टने येतात. वाटेत तुमच्या बँकेचं युरो खातं जिथे आहे ती बँक लागते, ती आपलं शुल्क रकमेतूनच घेते. पाठवणाऱ्याने कोणता पर्याय निवडला त्यावर हे ठरतं. SHA असेल तर त्याच्या बँकेचा खर्च त्याचा, वाटेतला तुमचा. OUR असेल तर सगळा त्याचा. BEN असेल तर सगळा तुमचा. बहुतेक जण SHA ठेवतात, त्यात गैर काही नाही. तुम्हाला पूर्ण रक्कम हवी असेल तर ते कोटेशनमध्येच लिहायचं असतं, पैसे आल्यावर मागायचं नसतं.

---

तळ्यातमळ्यात

नाना, मग ते ऑनलाइन सेवावाले युरोपियन आयबीएएन, म्हणजे तिथला खाते क्रमांक देतात, तो घेतला की हा 18 चा प्रश्नच मिटेल ना? क्लायंटला वाटेल युरोपातच पैसे पाठवतोय.

---

फॉरेक्सवाले_नाना

मिटतो, बऱ्याच अंशी. पैसे सेपाने जातात, मधली बँक येत नाही. त्या सेवेचं स्वतःचं शुल्क आणि रुपयात बदलण्याचा दर मात्र तपासा, काही वेळा तिथे 18 पेक्षा जास्त जातात. आणि भारतातला रेमिटन्सचा दाखला व्यवस्थित मिळतो ना, ते आधी विचारून घ्या.

---

वैदेही_नेकार

आणि तो बदल या मेलसोबत करू नकोस, रेघोटी! एकाच मेलमध्ये पेमेंटची विचारणा आणि नवं बँक खातं, तेही दुसऱ्या देशातलं, असं आलं की आमच्याकडे लाल दिवा लागतो. वर कोरीपाटीला आलेला फोन आठव. खातं बदलायचं तर नव्या कामाच्या कोटेशनसोबत, सुरुवातीलाच.

---

अप्पा_जळगाव

मी पण माझ्या क्लायंटला असंच अव्हिस मागू का? अमेरिकन आहे.

---

सोनचाफा

मागा अप्पा, तिथे रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस म्हणा.

---

रेघोटी

बँकेकडून प्रत आली. कामाच्या ओळी तेवढ्या देते:

```
:32A:250325EUR3118,00
:33B:EUR3136,00
:70:INV 041 ABZGL 2 PROZ SKONTO
:71A:SHA
:71F:EUR18,00
```

नाना, तुम्ही न बघता सांगितलं तेच निघालं!

---

फॉरेक्सवाले_नाना

बाकीच्यांसाठी वाचून दाखवतो. 33B म्हणजे पाठवणाऱ्याने जी रक्कम पाठवायला सांगितली ती, 3136. 32A म्हणजे तुमच्या बँकेच्या हातात पडली ती, 3118, आणि सुरुवातीला तारीख. 71F मध्ये मधल्यांनी घेतलेले 18. 71A मध्ये SHA. आणि 70 मध्ये पाठवणाऱ्याने तुमच्यासाठी लिहिलेला निरोप: बिल 041, दोन टक्के स्कोंटो वजा जाता. क्लायंटने लपवलेलं काहीच नाही, त्यांनी कारण लिहून पैसे पाठवले. तुमच्या शाखेने ती ओळ तुमच्यापर्यंत येऊ दिली नाही, एवढंच.

हा संदेश जुन्या स्वरूपातला आहे, नव्या आयएसओ 20022 स्वरूपात हे आकडी रकाने असे दिसत नाहीत. तिथे 'इन्स्ट्रक्टेड अमाउंट' आणि 'सेटलमेंट अमाउंट' या नावांनी हेच दोन आकडे शोधायचे.

---

ताठकणा

छान, खात्री झाली. आता तरी 64 मागायचे की नाही?

---

मिलिंद_लेखापाल

इथे मतं वेगळी असू शकतात. कोटेशनला 'मान्य' अशी मेल आहे, सवलतीला रेघोटीची संमती कुठेच नाही, हा तिच्या बाजूचा मुद्दा. पण पीओ हाती आल्यावर तिने काही न म्हणता त्याचा नंबर बिलावर घातला, हा त्यांच्या बाजूचा. वकील दोन्हींवर बोलतील. 64 युरोसाठी वकील लावायचा नसतो, त्यामुळे हे नात्यावर आणि पुढच्या कामावर ठरेल.

---

वैदेही_नेकार

सहमत. मागायचेच असतील तर अव्हिसचं उत्तर आल्यावर एका ओळीत मागता येतील: 'कोटेशनमध्ये स्कोंटो नव्हता, पीओ मला 10 मार्चला मिळाला, या बिलापुरता फरक देता येईल का?' कधी कधी देतात. पण ते अकाउंट्सच्या हातात नसतं, खरेदी विभाग ठरवतो.

---

रेघोटी

मंडळी, वैदेहीचा मसुदा थोडा माझ्या शब्दांत करून पाठवला होता. आता कशाचं 'ताडलंय' नव्हतं, त्यामुळे दुसरा प्रश्न अधिक सरळ विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. अव्हिस जोडलेलं होतं, त्यात 3200, वजा 64, बाकी 3136. मुदत पीओ नंबर असलेलं बिल मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे 12 मार्च. अव्हिस आधी का आलं नाही, तर माझ्या नावासमोर मेल पत्ताच भरलेला नव्हता, तो आता भरला. आणि त्यांनी स्वतःहून लिहिलं की कोटेशन आणि पीओमधला फरक त्यांच्या लक्षात आला नव्हता, तो खरेदी विभागाला कळवला आहे. 64 बद्दल हो किंवा नाही, काहीच नाही.

मेलचा सूर पूर्वीसारखाच आहे, नावाने, आपुलकीने. शेवटी पुढच्या मॉडेलच्या कोटेशनची आठवणही केली आहे.

आता खरा प्रश्न त्या कोटेशनचा. तिथे 'स्कोंटो नाही' असं स्पष्ट लिहू, की स्कोंटो मान्य करून दर त्या हिशेबाने लावू? 14 दिवसांत पैसे मिळणं मला खरंच सोयीचं आहे.

---

तळ्यातमळ्यात

दर लावा! मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

---

वैदेही_नेकार

तू 'नंतर गुपचूप वाढवा' म्हणत होतास, हे उघडपणे अट मान्य करून किंमत ठरवणं आहे. रेघोटी, मी दुसरा पर्याय घेईन. स्कोंटो नाकारणारा छोटा पुरवठादार खरेदी विभागाला आडमुठा वाटत नाही, पण त्यांना सिस्टिममध्ये तुझ्यासाठी वेगळी अट टाकावी लागते आणि ती टाकायला विसरतात. मग पुन्हा हाच धागा. 3200 हातात हवे असतील तर 3265 लाव, 2 टक्के गेले तरी 3200 च्या जवळ राहतेस. आणि पीओ नंबर मिळाल्याशिवाय बिल पाठवू नकोस, कोटेशनमध्येच 'पीओची प्रत मला पाठवावी' ही ओळ घाल.

---

ताठकणा

मी तरी 'स्कोंटो नाही' लिहिलं असतं. 14 दिवसांत दिले नाहीत तर पूर्ण 3265 मिळतील हे मान्य, पण ज्या कामाची किंमत 3200 आहे ती 3200 च म्हणावी.

---

फॉरेक्सवाले_नाना

आणि 18 साठी कोटेशनमध्ये 'बँक शुल्क OUR' ही ओळ घालायची की आयबीएएन सेवा घ्यायची, ते तुमच्या वर्षभराच्या कामावर बघा. वर्षात दोन-तीन पेमेंटच असतील तर OUR पुरे. एवढंच की काही जर्मन कंपन्यांच्या सिस्टिममध्ये SHA पक्का बसवलेला असतो, तेव्हा तेही आधीच विचारून घ्या, याच अकाउंट्सच्या माणसाला.

---

कोरीपाटी

रेघोटी, खरेदी विभागाने 64 चं काय ठरवलं ते कळलं की इथे नक्की लिही. मी माझ्या बँकेकडे मागच्या तीन पेमेंटच्या प्रती मागितल्या आहेत. आल्या की नानांना त्रास देणार आहे.